पीडब्ल्यूडीकडे अडकलेलं अंतिम देयक : पत्रात एमबी आणि बिलाच्या तारखा कशा मांडायच्या

प्रश्न : "रस्त्याच्या डांबरीकरणाचं काम ३० मे २०२३ ला पूर्ण केलं. दोन बिलं मिळाली, शेवटचं साडेअकरा लाखांचं पावणेतीन वर्षं झाली तरी अडकलंय. चार अर्ज दिले. तोंडी उत्तर एकच, 'निधी आला की बघू'. वकील न लावता एकच जोरदार पत्र द्यायचंय. त्यात मोजमाप पुस्तकाचे, म्हणजे एमबीचे नंबर, बिलाच्या तारखा टाकाव्यात का? नमुना द्याल का?"

टाकाव्यातच. पण त्या कुठे आणि कशासाठी टाकायच्या, हे आधी ठरवावं लागेल. मी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विभागीय कार्यालयांत लेखा शाखेत नोकरी केली. निवृत्तीनंतर आता छोट्या कंत्राटदारांची कागदपत्रं बघून देतो. थकबाकीची पत्रं टेबलावर आल्यावर त्यांचं काय होतं ते मी आतून पाहिलंय. "कर्ज काढून काम केले, बँकेचे हप्ते थकले, आत्महत्येची वेळ आली आहे" असं पत्र वाचून वाईट वाटतं, पण त्यावर कार्यवाही कुठली करायची हे लिपिकाला कळत नाही. ते "नोंद घेतली" म्हणून फाइलला लागतं. उलट "एमबी क्रमांक अमुक, पान ३१ ते ४४, देयक विभागाला ५ जुलैला सादर, सद्यःस्थिती लेखी कळवावी" असं पत्र आलं की कुणाला तरी कपाट उघडून पुस्तक काढावं लागतं. तुमच्या पत्राने निदान एवढं घडायला हवं.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. बिल नेमकं कुठे अडकलंय हेच तुम्हाला माहीत नाही आणि खात्याने आजवर तुम्हाला एक ओळही लेखी दिलेली नाही. "निधी नाही" हे उत्तर चार वेगवेगळ्या परिस्थितींत दिलं जातं. शाखा अभियंत्याने मोजमापं लिहिली, पण उपअभियंत्याची तपासणी झालेली नाही, ही पहिली. बिल तयार झालं, पण उपविभागातच पडून आहे, ही दुसरी. विभागाच्या लेखा शाखेने आक्षेप काढून ते परत पाठवलं आणि ते कुणी तुम्हाला सांगितलंच नाही, ही तिसरी. चौथीत बिल पास झालेलं असतं आणि खरोखर त्या लेखाशीर्षाखाली पैसे आलेले नसतात. चौथीत तुमचं पत्र पैशासाठी असतं. पहिल्या तिन्हींत निधी आला तरी तुमचं बिल त्याच्या रांगेतच नसतं आणि ३१ मार्चला आलेली तरतूद दुसऱ्याच्या बिलावर खर्च होऊन जाते. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभर कंत्राटदारांची आंदोलनं झाली, तेव्हाही माझ्याकडे आलेल्यांपैकी काहींची बिलं निधीमुळे नव्हे, आक्षेपामुळे थांबलेली निघाली.

हे ओळखायला मोजमाप पुस्तकासारखी दुसरी जागा नाही. पुस्तकाची पानं छापील क्रमांकाची असतात. नोंद सुरू होते तिथे कामाचं नाव, कंत्राटदार, करारनामा क्रमांक, काम सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, मोजमाप घेतल्याची तारीख असा मजकूर असतो. त्यानंतर बाबनिहाय मोजमापं आणि शेवटी गोषवारा. उपअभियंत्याने तपासलेल्या नोंदींवर त्याची सही आणि तारीख असते. बिल तयार केलं की मोजमापांच्या प्रत्येक पानावर लाल शाईने तिरकी रेघ मारतात. पैसे दिल्यावर गोषवाऱ्यावर लाल शाईत प्रमाणक क्रमांक, म्हणजे व्हाउचर नंबर, आणि तारीख लिहितात.

यावरून एक साधी खूण मिळते. तुमच्या शेवटच्या मोजमापांच्या पानांवर लाल रेघच नसेल, तर बिल झालेलंच नाही, कुणी काहीही सांगो. रेघ आहे पण गोषवाऱ्यावर प्रमाणक नाही, तर बिल झालंय आणि पैसे निघालेले नाहीत. उपअभियंत्याची तपासणीची सही नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून पहिलं पत्र तपासणीसाठी द्यायचं. जिथे ई-एमबी सुरू झालीय तिथे लाल रेघ दिसणार नाही, पण नोंद, तपासणी, देयक हे टप्पे तारखांसह असायला हवेत.

पुस्तक दाखवायला उपविभाग तयार असेल तर उत्तम. छोट्या उपविभागात ओळखीने अर्ध्या तासात काम होतं. नाही म्हणाले तर माहितीचा अधिकार आहे. कलम ६ खाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करायचा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे त्यात कैफियत लिहू नका. एवढंच मागा : या करारनाम्याच्या कामाची मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, अंतिम देयक उपविभागातून विभागाला पाठवल्याचा जावक क्रमांक व तारीख, आणि देयकावर काढलेल्या आक्षेपांची प्रत. उत्तराची मुदत तीस दिवस. मात्र तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून हा अर्ज आणि पत्र एकाच दिवशी द्या, उत्तराची वाट बघत पत्र थांबवू नका.

वेळ कमी का, ते सांगतो, कारण पत्राची भाषा त्यावरच ठरते. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा करायची मुदत, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षं असते. मुदत कायदा १९६३ चा अनुच्छेद १८ तसं सांगतो. करारात देयकाची वेगळी मुदत लिहिली असेल तर हिशोब बदलू शकतो, अंतिम बिलाच्या तारखेपासून मोजावी असाही युक्तिवाद होऊ शकतो. पण तुम्ही सगळ्यात कडक तारीख धरून चला. ३० मे २०२३ ला काम पूर्ण म्हणजे ३० मे २०२६. अनेकांची समजूत असते की दर सहा महिन्यांनी अर्ज देत राहिलं की मुदत वाढत जाते. आपल्या अर्जांनी ती एक दिवसही वाढत नाही.

ती नव्याने सुरू होते समोरच्याच्या लेखी कबुलीने. त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणं मान्य केलं, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मोजतात. आणि इथे एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. कबुलीत रक्कम लिहिलेलीच हवी असं नाही आणि "पैसे द्यायची वेळ अजून आलेली नाही" असं म्हटलं असलं तरी ती कबुलीच धरली जाते. म्हणजे जे उत्तर तुम्हाला तोंडी ऐकून कंटाळा आलाय, तेच कार्यकारी अभियंत्याच्या सहीने कागदावर आलं, "सदर देयक निधी उपलब्ध होताच अदा करण्यात येईल", तर तो कागद जपून ठेवण्यासारखा आहे. म्हणून पत्र भांडायला लिहायचं नाही. खात्याला हे वाक्य लिहिणं सोपं जाईल, नव्हे, उत्तर देताना तेच लिहावं लागेल, अशा बेताने लिहायचं.

आता रकमेकडे येतो. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका कामाचं उदाहरण घेतो. आकडे आणि तारखा बदलून तुमच्या रकमेला जुळवल्यात. एकूण झालेलं काम ४६ लाख ८० हजारांचं. पहिली दोन चालू देयकं १८ लाख ४० हजार आणि १६ लाख ९० हजार, दोन्ही मिळालेली. राहिले ११ लाख ५० हजार. कंत्राटदार तीन वर्षं "साडेअकरा लाख द्या" असंच लिहीत होता. पुस्तकाची पानं हाती आल्यावर दिसलं की यातले ९ लाख २० हजार निविदेतल्याच बाबींचे आहेत, आणि २ लाख ३० हजार एका पाइप मोरीचे. ती मूळ निविदेत नव्हती, गावकऱ्यांच्या मागणीवरून साइटवर तोंडी सांगून करून घेतलेली. तिच्या दराला, म्हणजे अतिरिक्त बाबीच्या दरसूचीला, मंजुरीच नव्हती. अंतिम देयक म्हणून सगळं एकत्र गेल्याने लेखा शाखेने अख्खं बिल परत केलं होतं. दोन लाख तीस हजारांनी नऊ लाख वीस हजार अडवून ठेवले होते.

तिथे आम्ही पत्रात दोन्ही रकमा वेगळ्या केल्या. निर्विवाद बाबींचं तिसरं चालू देयक आत्ता पास करा, अतिरिक्त बाबीचा प्रस्ताव मंजूर झाल्यावर अंतिम देयक करा, असं लिहिलं. लेखा शाखेला हे चालतं, कारण चालू देयक हे अंतिम हिशोबाआधीची आगाऊ रक्कम समजलं जातं, त्यावर पुढे फेरफार करता येतो. तुमच्या बिलातही अशी एखादी बाब आहे का, मंजूर प्रमाणापेक्षा जास्त झालेली बाब आहे का, आधी तपासा. डांबरी कामात आक्षेपाच्या आणखी तीन जागा वारंवार दिसतात : मुदतवाढ मंजूर नसणं, डांबर खरेदीची मूळ चलनं जोडलेली नसणं आणि खडी-मुरुमाच्या स्वामित्वधनाचे दाखले अपुरे असणं. मुदतवाढीचं तर हमखास. काम दोन महिने लांबलेलं असतं, मुदतवाढीचा अर्ज तेव्हाच दिलेला असतो, पण मंजुरीचा आदेश निघालेलाच नसतो, आणि अंतिम बिलाच्या वेळी ते उघडं पडतं.

पत्रात रक्कम ढोबळच मागा, म्हणजे वजातीपूर्वीची. हाती काय पडेल याचा आकडा लिहू नका. आयकराची कपात, जीएसटीची दोन टक्के उद्गम कपात, कामगार कल्याण उपकर, अनामत, यात थोडा फरक निघाला की "दाव्याची रक्कम चुकीची" म्हणून पत्र परत करायला निमित्त मिळतं. सुरक्षा अनामतही या पत्रात मिसळू नका. तिचा परतावा दोषदायित्व कालावधीशी बांधलेला असतो. तो कालावधी अजून चालू असेल तर तेवढ्यासाठी तुमची पूर्ण मागणी अकाली ठरवली जाईल.

नमुना असा. तारखा आणि क्रमांक कल्पित आहेत, स्वतःच्या कागदांवरून भरा, जे अजून हाती नाही ते गाळा. वर दोन रकमा वेगळ्या करायच्या आहेत असं धरलंय, तुमचं बिल सरळ असेल तर परिच्छेद ३ गाळा.

"प्रति, मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, ______.

विषय : ______ रस्त्याच्या डांबरीकरणाच्या पूर्ण झालेल्या कामाच्या प्रलंबित देयकाबाबत.

संदर्भ : १) करारनामा क्र. बी-१/____/२०२२-२३. २) कार्यारंभ आदेश क्र. ____ दि. ____. ३) आमचे अर्ज दि. ____, ____, ____, ____ (आवक क्र. ____).

महोदय,

१. संदर्भीय करारनाम्यानुसार उपरोक्त काम दि. ३०/०५/२०२३ रोजी पूर्ण झाले आहे. कामाची अंतिम मोजमापे दि. १४/०६/२०२३ रोजी मोजमाप पुस्तक क्र. ११४७, पृष्ठ ३१ ते ४४ वर नोंदविली असून उपअभियंता यांनी ती दि. २२/०६/२०२३ रोजी तपासली आहेत. गोषवारा पृष्ठ ४५ वर आहे.

२. सदर मोजमापांवर आधारित देयक आम्ही दि. २८/०६/२०२३ रोजी स्वाक्षरित केले असून उपविभागाने ते जावक क्र. ____ दि. ०५/०७/२०२३ अन्वये आपल्या कार्यालयास सादर केले आहे. झालेल्या कामाची एकूण किंमत रु. ४६,८०,०००/-, यापूर्वी पहिल्या व दुसऱ्या चालू देयकान्वये अदा रु. ३५,३०,०००/-, शिल्लक रु. ११,५०,०००/- (वजातीपूर्व).

३. वरील शिल्लक रकमेपैकी रु. ९,२०,०००/- निविदेतील बाबींचे व रु. २,३०,०००/- अतिरिक्त बाबीचे आहेत. अतिरिक्त बाबीच्या दरास मंजुरी प्रलंबित असल्यास, आमच्या त्या मागणीस बाधा न येता, रु. ९,२०,०००/- चे तिसरे चालू देयक पारित करावे, ही विनंती.

४. सदर देयक कोणत्या टप्प्यावर आहे, त्यावर काही आक्षेप असल्यास कोणते, व ते केवळ निधीअभावी प्रलंबित असल्यास तसे, आपल्या स्वाक्षरीने पंधरा दिवसांत कळवावे. आक्षेप असल्यास त्यांची पूर्तता आम्ही त्वरित करू.

५. सदर रकमेवर या पत्राच्या दिनांकापासून, व्याज अधिनियम १९७८ च्या कलम ३ नुसार, प्रचलित दराने व्याजाची मागणी आम्ही करीत आहोत.

सोबत : मोजमाप पुस्तकाच्या पृष्ठांच्या प्रती, कामपूर्तीचा दाखला, यापूर्वीच्या अर्जांच्या पोच.

प्रत माहितीसाठी : मा. अधीक्षक अभियंता, ______, मा. उपअभियंता, ______."

चौथा परिच्छेद या पत्राचा कणा आहे. त्यात "आक्षेप असल्यास कोणते" आणि "निधीअभावी असल्यास तसे" असे दोनच रस्ते ठेवलेत. पहिल्याने उत्तर आलं तर तुम्हाला करायचं काम कळतं, दुसऱ्याने आलं तर कबुली मिळते. त्यात "अन्यथा कोर्टात जाऊ" असं जोडायचा मोह होईल. तसं वाक्य दिसलं की पत्र विधी सल्ल्यासाठी जातं आणि महिनाभर तिथेच राहतं. धमकीची जागा वकिलाच्या नोटिशीत आहे, इथे नाही.

पाचव्या परिच्छेदाबद्दल खरं सांगायचं तर त्यातून किती मिळेल हे तुमच्या निविदेवर अवलंबून आहे. बऱ्याच निविदांत "निधीअभावी देयकास विलंब झाल्यास व्याज किंवा नुकसानभरपाई मिळणार नाही" अशी अट असते. ती तुमच्या करारात असेल तर व्याजाची बाजू कमजोर होते. नसेल, तर लेखी मागणी केल्याशिवाय मागचं व्याज मिळणं फार अवघड, म्हणून तारीख टाकून मागून ठेवायचं. चोवीस टक्के वगैरे लिहू नका, त्या कायद्यातला प्रचलित दर बँकांच्या ठेवींच्या दराशी जोडलेला आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातलं पंचेचाळीस दिवसांचं आणि बँक दराच्या तिप्पट व्याजाचं कलम कुणीतरी सुचवेलच. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट त्या कायद्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. त्यावर विसंबून पत्र लिहिलंत तर खात्याला उत्तर द्यायला सोपं जातं.

पत्र विभागाच्या आवक शाखेत स्वतः द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नुसती सही घेऊ नका. सही कुणाची हे वर्षभराने कुणाला सांगता येत नाही. अधीक्षक अभियंत्याची प्रत पोच-पावतीच्या स्पीड पोस्टने पाठवा. अधीक्षक कार्यालयातून "अहवाल सादर करावा" असं एका ओळीचं पत्र विभागाला आलं, तर त्या अहवालात तुमच्या देयकाची स्थिती लिहिली जातेच, आणि त्याची प्रत तुम्ही माहिती अधिकारात मागू शकता.

पत्रानंतर कधी कधी असंही होतं की खातं पटकन बोलावतं आणि काही रक्कम कमी करून बिल पास करायची तयारी दाखवतं. कमी घेणं हा तुमचा व्यवहाराचा निर्णय, त्यात मी पडत नाही. पण सही करण्याआधी पुस्तकातला किंवा बिलावरचा मजकूर वाचा. "मोजमापे मान्य" वेगळं आणि "मोजमापे मान्य, यापुढे कोणतीही मागणी नाही" वेगळं. दुसऱ्याखाली सही केलीत तर कमी केलेली रक्कम आणि व्याज दोन्हींवर पाणी सोडल्यासारखं आहे. उरलेली मागणी ठेवायची असेल तर सहीशेजारी "हरकतीसह स्वीकारले" असं स्वतःच्या हाताने लिहा, त्याच दिवशी तसं एक पत्र आवक करा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आणखी पत्र देऊ नका. त्यानंतर मात्र वकिलाशिवाय चालणार नाही. राज्य सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते, ती शासनाच्या सचिवांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे असते, कार्यकारी अभियंत्याच्या नव्हे, आणि तिच्यानंतर दोन महिने थांबावं लागतं. तो काळ मुदतीतून वगळला जातो, तरी त्या सवलतीच्या भरवशावर बसू नका. बांधकामाच्या करारातला तीन लाखांवरचा वाद व्यापारी वादात मोडतो, त्यात दाव्याआधी मध्यस्थीची पायरी येते, शिवाय काही करारांत वाद आधी अधीक्षक अभियंत्यांकडे नेण्याचं कलम असतं. आज पत्र दिलंत आणि मार्चच्या मध्यापर्यंत लेखी कबुली आली नाही, तर नोटीस मार्चअखेरच्या आत निघालेली असू द्या. वकिलाकडे जाताना हे पत्र, चारही अर्जांच्या पोच, एमबीची पानं आणि निविदेचं अटी-शर्तींचं मूळ पुस्तक न्या. नुसता करारनाम्याचा पहिला कागद घेऊन गेलात तर व्याजाचं आणि वाद-निवारणाचं कलम बघायला तो तुम्हाला पुन्हा घरी पाठवेल.